मागं जोडलेला कागद अ‍ॅनेक्शर आहे की एंडोर्समेंट?

गोदामाच्या आग-पूर विम्याचा शेड्यूल, म्हणजे पॉलिसीचा मुख्य तपशील असलेला कागद, बहुतेक जण पाहतात, निदान रक्कम आणि मुदत तरी. त्याच्यामागे टाचलेले कागद मात्र सगळे सारखेच वाटतात, आणि घोळ तिथेच होतो.

अ‍ॅनेक्शर म्हणजे शेड्यूलमध्ये न मावलेला तपशील. शेड्यूलमध्ये 'सोबतच्या यादीप्रमाणे' असं लिहिलं की ती यादी म्हणजे अ‍ॅनेक्शर, आणि ती पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून लागू असते. एंडोर्समेंट पॉलिसीत काहीतरी बदलतं किंवा वाढवतं. त्यावर बहुधा स्वतंत्र क्रमांक असतो, कोणत्या तारखेपासून लागू ते असतं, प्रीमियम वाढला किंवा परत मिळाला तर तोही असतो. काही एंडोर्समेंट सुरुवातीपासूनच जोडलेली असतात, उदाहरणार्थ भरपाई आधी कर्ज देणाऱ्या बँकेला द्यायची हे कलम. म्हणून कागदाचं नाव सोडा, तो काय करतो ते बघा.

समजा, सांगलीतल्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा माल दोन जागी आहे. शेड्यूलमध्ये एकच आकडा: ६० लाख. तो खूश. पण अ‍ॅनेक्शर उघडलं तर गणपती पेठेच्या गोदामाला २५ लाख आणि कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजला ३५ लाख अशी वाटणी. ऑगस्ट २०१९ सारखं कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा तिथे माल होता ४० लाखांचा, आणि भिजला १६ लाखांचा. कुपवाडच्या रकमेतली शिल्लक इकडे वळवता येत नाही. ४० लाखांच्या मालाला २५ लाखांचाच विमा, म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात: १६ लाखांऐवजी १० लाख, आणि त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली वजावट. छोट्या व्यवसायांसाठीच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत मालाच्या किमतीपेक्षा विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असला तर ती तूट माफ असते, पण इथली तूट साडेसदतीस टक्के आहे. दोन्ही जागांना मिळून एकच रक्कम लागू होणारं फ्लोटर संरक्षण मागितलं असतं, तर हिशेब दोन्हीकडच्या एकूण मालावर झाला असता.

आता एंडोर्समेंट. त्यानं माल पेठेत हलवल्यावर रक्कम वाढवायचा ईमेल २० जुलैला केला, आणि आलेल्या एंडोर्समेंटवर तारीख निघाली ५ ऑगस्टची. पाणी ३ ऑगस्टला शिरलं असेल, तर वाढीव रक्कम कागदावरच राहते. 'मी आधीच कळवलं होतं' यावर भांडता येतं, पण आपल्या हातात असलेला लेखी पुरावा विनंतीचा असतो, मंजुरीचा नाही. म्हणून एंडोर्समेंट हातात पडताच पहिली नजर तारखेवर टाकावी, आणि तारीख चुकली असेल तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागावी.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. नूतनीकरणाला नवी पॉलिसी येते. गेल्या वर्षीची एंडोर्समेंट त्या वर्षापुरती होती. वाढवलेली रक्कम किंवा बदललेला पत्ता नव्या शेड्यूलमध्ये किंवा नव्या अ‍ॅनेक्शरमध्ये उतरलाय का, हे जुना कागद शेजारी ठेवून तपासावं. एजंटनं फक्त दोन पानांची पीडीएफ पाठवली असेल, तर शेड्यूलमध्ये जितक्या याद्या आणि कलमांचा उल्लेख आहे तितके कागद त्याच्याकडून मागून घ्यावेत.