अंगातल्या वाफा : नैराश्याच्या गोळीपासून न्यूरोकायनिनपर्यंत

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशा दिवसांत पाळी जाण्याच्या वयातल्या बाईने "अंगातून वाफा निघतात" म्हटलं, तर घरातून पहिलं उत्तर येतं, "उष्णता झालीय, सब्जा घे." पण उन्हाची तलखी सावलीत बसलं की ओसरते. ही वाफ मात्र पहाटे पंखा सुरू असतानाही छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटं टिकते, घाम फोडते आणि मग हुडहुडी भरवून जाते. शरीराचं तापमान किंचित वरखाली झालं तरी मेंदू ते चालवून घेतो. वाफा येणाऱ्या बायकांमध्ये ही सवलत जवळजवळ उरत नाही. म्हणूनच बाहेरचा उकाडा त्यांच्या वाफा वाढवतो.

यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन हाच जुना आणि आजही सर्वांत प्रभावी उपाय. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग स्तनाच्या कर्करोगाच्या वाढत्या धोक्यामुळे मुदतीआधी थांबवला गेला. हार्मोनची भीती तेव्हापासून घरोघरी पोचली. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांना तर हार्मोन आधीपासूनच वर्ज्य होतं, आणि दुसऱ्या वाटेचा शोध त्यांच्यासाठीच सुरू झाला होता.

ती वाट नैराश्याच्या गोळ्यांतून निघाली. २००० साली अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ चार्ल्स लोप्रिन्झी यांच्या गटाने व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळीची चाचणी प्रसिद्ध केली. चार आठवड्यांत वाफांचा त्रास औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनेही २७ टक्के घटला, ३७.५ मिलिग्रॅमने ३७ टक्के आणि ७५ मिलिग्रॅमने ६१ टक्के. १५० मिलिग्रॅमनेही ६१ टक्केच, म्हणजे ७५च्या पुढे त्रास कमी होत नाही, फक्त मळमळ आणि तोंडाची कोरड वाढते. २०१३ मध्ये अमेरिकेने पॅरॉक्सेटिनची ७.५ मिलिग्रॅमची कॅप्सूल खास वाफांसाठी मंजूर केली. हा डोस नैराश्यावर देतात त्याहून बराच कमी आहे. "मला वेड लागलंय का?" असं ही गोळी हातात पडल्यावर अनेकजणी विचारतात. त्यांना हा फरक आधीच सांगायला हवा.

दुसरा धागा प्रयोगशाळेतला. १९९०-९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक नेओमी रॅन्स यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत एक बदल नोंदवला. पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही चेतापेशी फुगलेल्या होत्या आणि त्यांत न्यूरोकायनिन-बी या द्रव्याची निर्मिती वाढलेली होती. इस्ट्रोजेन या पेशींना लगाम घालतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटून तो सुटला की त्या शेजारच्या तापमान-केंद्राला सारखे इशारे देत राहतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१५ मध्ये निरोगी बायकांना हे द्रव्य शिरेतून दिलं, तर त्यांनाही तशाच वाफा आल्या. २०१७ मध्ये त्याच गटाने हे द्रव्य पेशीवर जिथे चिकटतं तो न्यूरोकायनिन-३ ग्राहक अडवणारं औषध ३७ जणींवर वापरलं. वाफा झपाट्याने कमी झाल्या, पण तिघींच्या यकृताच्या चाचण्या बिघडल्या आणि ते औषध मागे पडलं.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेझोलिनेटंट याच कुळातलं, ४५ मिलिग्रॅम रोज एकदा. यकृताची काळजी इथेही सुटली नाही. डिसेंबर २०२४ पासून त्यावर सर्वांत कडक इशारा छापला जातो. यकृताची तपासणी औषध सुरू करण्याआधी, पहिले तीन महिने दरमहा, मग सहाव्या आणि नवव्या महिन्यात करायची. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही दिसलं तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं. शिवाय हे औषध चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालत नाही, कारण ते फेझोलिनेटंटचं विघटन रोखतं आणि रक्तातलं प्रमाण वाढवतं. जुलाब झाले म्हणून दुकानातून आपल्या मनाने ही गोळी आणण्याची सवय इथे नडू शकते. नैराश्यावरच्या फ्लुव्हॉक्सामिनलाही याच कारणाने मनाई आहे.

२०२५ मध्ये ब्रिटन आणि मग अमेरिकेत मंजूर झालेलं एलिन्झानेटंट न्यूरोकायनिनचे १ आणि ३ असे दोन ग्राहक अडवतं. डोस १२० मिलिग्रॅम, रात्री झोपताना, कारण त्याने गुंगी येते.

निवड कशी बदलते ते एका कल्पित उदाहरणात पाहू. ५२ वर्षांची विडी कामगार, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम चालू, दिवसरात्र मिळून दहा वाफा. तिला पॅरॉक्सेटिन देऊ नये. टॅमॉक्सिफेनला यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे खरी ताकद येते तेच एन्झाइम पॅरॉक्सेटिन अडवतं. वाफा थांबतील, पण कर्करोगावरचं औषध दुबळं पडेल. व्हेनलाफॅक्सिन हा अडथळा फारसा करत नाही. ३७.५ मिलिग्रॅम आठवडाभर, मग ७५, जेवणानंतर, आणि रक्तदाबावर लक्ष, कारण तो वाढू शकतो. फरक एक-दोन आठवड्यांत कळू लागतो. नाही पडला तर नव्या औषधांपैकी एलिन्झानेटंटचा विचार तिच्यासाठी आधी येईल, कारण त्याची चाचणी अशाच उपचारावर असलेल्या बायकांमध्ये झाली आहे. व्हेनलाफॅक्सिन मात्र एकदम बंद करायचं नाही. ७५ वरून ३७.५ वर येऊन काही दिवस थांबायचं, नाहीतर चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके येतात.