खाती एकत्र केल्यावर याद्या गायब झाल्या? जुने उपकरण सुरू करण्याआधी नेट बंद करा

दोन खाती एकत्र केल्यावर किंवा एखादे खाते बंद केल्यावर ॲपमधल्या नोंदी आणि कामांच्या याद्या दिसेनाशा झाल्या, तर लॉगआउट करू नका आणि ॲप काढूनही टाकू नका. अशा बहुतेक ॲपमध्ये नोंदींची एक प्रत सर्व्हरवर आणि दुसरी तुमच्या उपकरणात असते. लॉगआउट केले की ही दुसरी प्रत सहसा पुसली जाते, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असते.

नोंदी खरोखर गेल्या आहेत का, हे ब्राउझरच्या खासगी खिडकीत प्रत्येक पद्धतीने साइन इन करून तपासा. ईमेल-पासवर्डने उघडलेले खाते आणि ‘गूगलने साइन इन’ करून उघडलेले खाते कधीकधी वेगवेगळे असते. ॲपलने साइन इन करताना ईमेल लपवला असेल, तर तुमचे खाते @privaterelay.appleid.com ने संपणाऱ्या पत्त्यावर असते. याद्या तिथेच सुरक्षित असल्याचे आम्ही अनेकदा पाहतो.

तिथे नसतील, तर जुने उपकरण शोधा. समजा, कामाचे खाते घरच्या खात्यात मिसळले आणि कामाच्या याद्या गेल्या. पण तेच जुने खाते असलेला एक टॅबलेट त्याआधीपासून बंद करून ठेवलेला आहे. तो सुरू होताच ओळखीच्या वायफायला जोडला जाईल, सर्व्हरकडून ‘या याद्या आता नाहीत’ असा निरोप घेईल आणि आपली प्रतही पुसेल. म्हणून आधी राउटर बंद करा, सिम असल्यास काढा, मगच टॅबलेट सुरू करा. विमान मोड लावा आणि वायफायचे बटण वेगळे तपासा, कारण विमान मोडमध्येही ते चालू राहू शकते.

आता ॲप उघडा. प्रत्येक यादीचे स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण झालेली कामे लपलेली असतील तर ती दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा. लांब नोंदींचा मजकूर कॉपी करून उपकरणातल्याच फाइलमध्ये ठेवा. जोडलेली चित्रे आणि फाइली मात्र पुष्कळदा फक्त सर्व्हरवर असतात, त्या इथे उघडणार नाहीत. सगळे उतरवून घेतल्यावर स्क्रीनशॉट आणि फाइल केबलने संगणकावर घ्या. तोवर नेट जोडू नका.

इतरांबरोबर वाटलेली यादी असेल, तर ती त्यांच्याकडे अजून दिसते का, हेही लगेच विचारा.

त्याच दिवशी ॲपच्या मदत विभागाला लिहा. जुना ईमेल, खाती एकत्र केल्याची तारीख आणि वेळ, हरवलेल्या याद्यांची नावे कळवा. पुसलेला मजकूर ठरावीक मुदतीपर्यंतच परत मिळतो: गूगल कीपच्या कचरापेटीत नोंद 7 दिवस राहते, तर मायक्रोसॉफ्ट खाते बंद करताना निवडल्याप्रमाणे 30 किंवा 60 दिवसांत पुन्हा उघडता येते.

उपकरण आमच्याकडे आणायचे असेल तर बंद ठेवूनच आणा. सर्व्हरवरून कायमचे पुसलेले आम्हीही परत आणू शकत नाही. उपकरणात प्रत उरली असेल, तर ती काढून देण्याचा आम्ही पूर्ण प्रयत्न करू.