गाळ फेकायचा नाही, इथून सुरुवात: अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजची पार्श्वभूमी

परीक्षेत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रायमरी, सेकंडरी, टर्शियरी असा क्रम पाठ असतो, पण सेकंडरी क्लॅरिफायर, म्हणजे गाळ बसू देणाऱ्या टाकीतला गाळ परत हवा सोडायच्या एरेशन टँकमध्ये का पाठवतात हे विचारलं की बरेच जण अडकतात. त्याचं उत्तर मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम प्लांटच्या प्रयोगांत आहे.

त्याआधी स्क्रीनिंग, ग्रिट चेंबर आणि सेटलिंग टँक होतेच, पण नुसतं बसू दिलं तर निम्म्याहून जास्त सस्पेंडेड सॉलिड्स, म्हणजे पाण्यात तरंगणारे कण जातात, बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मात्र साधारण तिसरा हिस्साच कमी होतो, कारण उरलेली घाण विरघळलेली किंवा अगदी बारीक असते. त्यासाठी शेतात सांडपाणी सोडणं किंवा दगडांच्या थरावरून ते झिरपवणारा ट्रिकलिंग फिल्टर, आणि दोन्हींना जागा खूप लागायची. त्यात 1912 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने बीओडी 20 आणि सस्पेंडेड सॉलिड्स 30 मिग्रॅ/लिटर असं मानक सुचवलं.

सांडपाण्यात हवा सोडून बघणारे लोक आधीपासून होते. अमेरिकेत लॉरेन्सला तसे प्रयोग चालू होते, 1912 मध्ये मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर ते बघून आले आणि मग डेव्हीह्यूमला आर्डर्न आणि लॉकेट कामाला लागले (हेच फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले). बाटलीत सांडपाणी, त्यात हवा, आणि पूर्ण नायट्रिफिकेशनला, म्हणजे अमोनियाचा नायट्रेट व्हायला, लागले जवळपास 5 आठवडे! एवढ्या वेळात प्लांट कोण चालवणार? पण त्यांनी वरचं पाणी काढलं, तळाचा गाळ तसाच ठेवला, नवीन सांडपाणी ओतलं आणि हेच परत परत केलं, तर वेळ कमी होत होत 24 तासांच्या आत आला. गाळात जिवाणू साठत गेले होते, हाच अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज. एप्रिल 1914 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं.

म्हणजे खरा शोध हवेचा नाही, गाळ राखण्याचा. म्हणून सेकंडरी क्लॅरिफायर हा प्रक्रियेचाच भाग, गाळ बसला नाही तर परत पाठवायला काही उरत नाही. हे तपासायला एसव्हीआय, म्हणजे गाळ किती नीट बसतो याचा आकडा: एरेशन टँकमधलं गाळ आणि सांडपाण्याचं मिश्रण, म्हणजे मिक्स्ड लिकर, 1 लिटर घेऊन 30 मिनिटं ठेवलं, गाळ 300 मिली बसला आणि एमएलएसएस, म्हणजे त्यातले सस्पेंडेड सॉलिड्स, 2500 मिग्रॅ/लिटर, तर 300 × 1000 / 2500 = 120, ठीक आहे. तोच गाळ 500 मिलीवर अडकला तर 200, म्हणजे बल्किंग, गाळ फुगून नीट बसत नाही, बहुतेक वेळा तंतूसारखे जिवाणू वाढलेले असतात, आणि त्याला कमी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असणं, हे एक नेहमीचं कारण.

टर्शियरी मात्र उशिरा गळ्यात पडलं. नायट्रिफिकेशनमध्ये अमोनियाचा नायट्रेट होतो, पण नायट्रोजन पाण्यातच राहतो, फॉस्फरसही बराचसा राहतो, आणि तलावांत शेवाळ माजायला लागलं तेव्हा हे लक्षात घ्यावंच लागलं. मग अ‍ॅनॉक्सिक टँक आला, जिथे हवा देत नाहीत आणि जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू सोडतात. काही पुस्तकं हे टर्शियरीत धरतात, काही सेकंडरीतच, त्यामुळे प्रश्नात शब्द काय वापरलाय ते बघा. फिल्ट्रेशन आणि क्लोरिनेशन सहसा टर्शियरीतच येतात.