ट्रॅक क्रमांक म्हणजे व्यक्ती नव्हे

"व्हिडिओत चेहरा बदलताना एकदा ट्रॅक ३ निवडला, की गर्दीतही शेवटपर्यंत त्याच माणसाचा चेहरा बदलतो ना?"

नाही. ट्रॅकर मुख्यतः लागोपाठच्या फ्रेममधील चेहऱ्यांच्या चौकटी जोडतो आणि त्या साखळीला ट्रॅक क्रमांक देतो. त्यामुळे माणूस कोणाआड गेला किंवा दृश्य तुटले, की ट्रॅक ३ संपू शकतो आणि तोच माणूस पुढे ट्रॅक ९ म्हणून परततो. म्हणून प्रत्येक ट्रॅकमधील स्पष्ट, समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यांच्या एम्बेडिंगची, म्हणजे चेहऱ्याच्या आकड्यांतील वर्णनाची, सरासरी काढून त्यांचे क्लस्टरिंग करावे, म्हणजे ३ आणि ९ एका गटात येतात, आणि मग तो गट निवडावा. एकाच फ्रेममध्ये त्या गटाचे दोन चेहरे दिसले, तर (आरसा नसल्यास) चेहरे जुळवण्याचा उंबरठा बहुधा सैल आहे, असे समजावे. ट्रॅक मध्येच दुसऱ्यावर सरकला असेल, तर सरासरीही फसवते. तेथे तो आधी तोडावा लागतो.