शालेय वेळापत्रक

शालेय वेळापत्रक म्हणजे कोणत्या तुकडीला, कोणत्या वारी, कितव्या तासिकेला, कोणता विषय, कोण शिकवणार आणि कुठे, हे ठरवून देणारा तक्ता. त्याची किमान अट अशी की, एकाच तासिकेला एक शिक्षक दोन वर्गांवर लागू नये, एका वर्गावर दोन शिक्षक येऊन उभे राहू नयेत आणि एका खोलीत दोन तुकड्या जमू नयेत. विषयांचा समतोल, शिक्षकांची सोय, मुलांचा थकवा यांचा विचार ही अट पाळल्यावरच करता येतो.

महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांत मुले आपल्या वर्गात बसून राहतात आणि तासिकेगणिक शिक्षक बदलतात. त्यामुळे इथे खोलीची टक्कर नेहमीच्या तासांना होत नाही. ती होते प्रयोगशाळा, संगणक कक्ष, चित्रकलेची खोली आणि मैदान अशा सामाईक जागांपाशी. जिथे प्रत्येक शिक्षकाची खोली ठरलेली असते आणि मुले हिंडतात, तिथल्या अडचणी वेगळ्या.

काम सुरू होते ते तक्त्यावर नव्हे, तर कार्यभाराच्या बेरजेवर. समजा, आठवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन, म्हणजे सहा तुकड्या आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी सकाळच्या सत्रात ५ तासिका धरल्या, तर तुकडीमागे ४५ आणि शाळेच्या एकूण २७० तासिका होतात. नऊ शिक्षकांत त्या सरासरी ३० येतात. ही बेरीज जुळली तरी एखादी अट आतून पोकळ असू शकते. ‘गणित मधल्या सुट्टीच्या आधीच हवे’ ही मागणी अनेक शाळांत होते. सुट्टीआधी रोज ४ तासिका, अधिक शनिवारच्या ५, अशा एकूण २५ जागा मिळतात. गणिताच्या एका शिक्षकाकडे चार तुकड्या आणि प्रत्येकीचे आठवड्याला ७ तास असतील, तर त्याला २८ जागा लागतात. इथे कितीही खाडाखोड केली तरी तक्ता बसणार नाही. रात्र जागवून कळणारी ही गोष्ट पाच मिनिटांच्या गुणाकारात आधीच कळते.

प्रत्यक्ष मांडणीसाठी कार्डशीटवर दोन तक्ते आखण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. एकात आडव्या ओळींवर शिक्षकांची नावे आणि उभ्या रकान्यांत वार-तासिका, तर दुसऱ्यात आडव्या ओळींवर तुकड्या. शिक्षकांच्या तक्त्यात एका चौकोनात एकच तुकडी लिहिली जाते, त्यामुळे शिक्षक दोनदा लागण्याचा प्रश्नच उरत नाही. वर्गाची टक्कर मात्र तिथे रकान्यात दिसते. उभ्या रकान्यात ‘९अ’ दोनदा आले तर टक्कर, एकदाही आले नाही तर तो वर्ग त्या तासाला मोकळा. सामाईक जागांसाठी तिसरा छोटा तक्ता ठेवावा लागतो आणि घाईत नेमका तोच राहून जातो. मग बुधवारी पाचव्या तासाला विज्ञानाचे दोन वर्ग प्रयोगशाळेच्या दारात भेटतात.

तक्ता नव्वद टक्के भरेपर्यंत कुणालाच त्रास होत नाही. शेवटचे काही तास उरतात तेव्हा ठराविक पेच पडतो. उदाहरणार्थ, ९अ ला गणिताचा एक तास द्यायचा राहिला आहे. ९अ बुधवारी तिसऱ्या तासाला मोकळा आहे, पण गणिताच्या बाई तेव्हा १०ब वर आहेत. बाई सहाव्या तासाला मोकळ्या आहेत, पण ९अ ला तेव्हा इंग्रजी आहे. नवखा माणूस इथे खोडरबर उचलतो. सरावलेला माणूस १०ब चे तिसरा आणि सहावा हे तास आपसांत बदलतो. गणित सहाव्या तासाला गेले की बाई तिसऱ्याला ९अ साठी सुटतात. १०ब चा सहाव्या तासाचा इतिहास आता तिसऱ्याला आला, पण इतिहासाचे सर तिसऱ्या तासाला ८अ वर होते. म्हणून ८अ चेही तेच दोन तास बदलायचे. तिथे सहाव्याचे मराठी तिसऱ्याला येते. मराठीच्या बाईंचा तिसरा तास ऑफ आहे, म्हणून साखळी संपते आणि सगळे बसते.

ही साखळी कधीतरी संपतेच, हे नशीब नव्हे. नवा धक्का ज्या वर्गाला बसतो, त्या वर्गावर तो शिक्षक तिसऱ्या तासाला आधीपासून असतो. ९अ चा तिसरा तास रिकामाच असल्यामुळे धक्का फिरून ९अ कडे येऊ शकत नाही. गणिताच्या बाई सहाव्याला मोकळ्या होत्या, म्हणून तो त्यांच्याकडेही परतत नाही. हंगेरियन गणिती देनेश कोनिग यांनी १९१६ साली आलेखांविषयी सिद्ध केलेल्या प्रमेयाचा अर्थ इथे असा निघतो: कोणत्याही शिक्षकाचा किंवा तुकडीचा भार आठवड्याच्या ४५ तासिकांपेक्षा जास्त नसेल आणि दुसरी कसलीच अट नसेल, तर टक्करमुक्त वेळापत्रक नेहमीच बनते.

खरी गोम ‘दुसरी कसलीच अट नसेल’ यात आहे. साखळीतला एखादा तास जागचा हलतच नसेल, तर ती तिथेच अडते. अर्धवेळ शिक्षक मंगळवारी-गुरुवारीच येतात. प्रयोगाची जोडतासिका मधल्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे तोडता येत नाही. सर्वांत जड प्रकरण भाषेच्या विकल्पाचे. नववीत काही मुले संपूर्ण संस्कृत घेतात, काही संयुक्त हिंदी-संस्कृत. ९अ आणि ९ब मधली संपूर्ण संस्कृतची मुले एका खोलीत आणि संयुक्तची दुसऱ्या खोलीत बसवली, की त्या एका तासिकेला दोन तुकड्या, दोन शिक्षक आणि दोन खोल्या एकदम बांधल्या जातात. यांतले एक हलवायचे तर सगळेच हलवावे लागते.

शिमोन इव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर (आरएसए या कूटपद्धतीतले शमीर ते हेच) यांनी १९७६ साली दाखवले की, काही शिक्षक काही तासांना उपलब्ध नसतील एवढी एकच अट घातली, तरी अवघ्या तीन तासिकांच्या आठवड्यासाठीसुद्धा हा प्रश्न एनपी-पूर्ण वर्गात जातो. म्हणजे प्रत्येक शाळेसाठी हमखास आणि झटपट उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

म्हणूनच जाणकार अवघड तास आधी बसवतात: प्रथम भाषेचे संयुक्त तास, मग अर्धवेळ शिक्षक, मग प्रयोगशाळेच्या जोडतासिका, मग भरगच्च कार्यभाराचे शिक्षक. कार्यानुभव आणि ग्रंथालय शेवटी, ते कुठेही मावतात. २००२ पासून विकसित होत असलेली एफईटी ही मोफत संगणकप्रणालीही साधारण याच वाटेने जाते. ती अवघड तास आधी घेते आणि जागा मिळाली नाही की आधीच्या तासांना उठवून त्यांना दुसरीकडे बसवत जाते. ती एकाच तासापाशी वारंवार अडखळत असेल, तर बहुधा तिथल्या अटी एकमेकींना छेद देत असतात. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा चालवण्यापेक्षा कोणती अट सोडता येईल हे मुख्याध्यापकांना विचारलेले बरे.

तक्ता सूचनाफलकावर लागल्यानंतर त्याचा रोजचा वापर पर्यवेक्षक करतात, तो बदली तासांसाठी. कुणी रजेवर गेले की शिक्षकांच्या तक्त्यातला त्या तासिकेचा रकाना वाचायचा आणि ज्यांच्या ओळीत चौकोन रिकामा त्यांच्यातून एकाला पाठवायचे. त्यासाठी प्रत्येक रकान्यात निदान एक जण मोकळा राहील हे मांडणी करतानाच पाहावे लागते. आपल्या उदाहरणात नऊ शिक्षक आणि सहा तुकड्या आहेत, तेव्हा साध्या तासाला तिघे मोकळे असतात. पण विकल्पाच्या प्रत्येक वेगळ्या गटाला जादा शिक्षक लागत असेल, तर ही शिल्लक तितकी घटते आणि नेमक्या त्याच तासाला दोघे आजारी पडले की दोन तुकड्या एकत्र बसवाव्या लागतात.