निकालाचा स्क्रीनशॉट : कच्चे प्रकरण व प्रश्नवेळ

ऑनलाइन सराव चाचणीनंतर पडद्यावर येणाऱ्या निकालाच्या स्क्रीनशॉटवरून विद्यार्थ्याची कच्ची प्रकरणे आणि प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ शोधण्याची पद्धत. मराठवाड्यात लातूर, नांदेड व छत्रपती संभाजीनगर येथे एमएचटी-सीईटीच्या तयारीत ती प्रामुख्याने आढळते.

वारंवार चाचणी घेऊन चुका तपासण्याची रीत येथे जुनी आहे. ती साधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरीस नावारूपाला आलेल्या ‘लातूर पॅटर्न’शी जोडली जाते. मात्र तेव्हाची तपासणी उत्तरपत्रिकेवर चाले, आणि ओएमआर पत्रिकेवरून उत्तर बरोबर की चूक एवढेच कळते, वेळ कळत नाही. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होऊ लागली. प्रश्नवेळ पाहण्याची सवय त्या सुमारास किंवा थोडी नंतर रुजली असावी. प्रत्यक्ष परीक्षेनंतर मिळणाऱ्या प्रतिसादपत्रिकेत, उदाहरणार्थ जेईई मेनच्या, प्रश्नाचा क्रमांक व निवडलेला पर्याय असतो, पण वेळ नसतो. म्हणून ही माहिती सराव चाचणीतूनच मिळवावी लागते.

निकालात प्रश्नासमोर दिसणारी वेळ नेमकी कोणती, हा वादाचा मुद्दा आहे. काही प्रणाली त्या प्रश्नावर जितक्या वेळा परत येऊ तितक्या सर्व भेटींची बेरीज दाखवतात. काही फक्त शेवटच्या भेटीची वेळ दाखवतात. दुसऱ्या प्रकारात चार मिनिटे झगडून सोडलेला आणि शेवटी दहा सेकंदांत खूण केलेला प्रश्न दहा सेकंदांचा दिसतो, आणि सगळे अनुमान फसते. हे ओळखायचे तर सर्व प्रश्नांच्या वेळांची बेरीज करून ती चाचणीत वापरलेल्या एकूण वेळेशी ताडून पाहावी. दोन्ही जवळपास जुळल्या तर सर्व भेटी मोजल्या आहेत. बेरीज बरीच कमी भरली तर त्या वेळांवर विसंबू नये. ही बेरीज करण्यासाठी सर्व प्रश्न स्क्रीनशॉटमध्ये असावे लागतात. निकाल लांबलचक असल्याने मधल्या ओळी अनेकदा सुटतात, म्हणून लांब स्क्रीनशॉट घेणे किंवा एक-दोन ओळी पुन्हा येतील असे तुकडे घेणे बरे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत अक्षरे फिकट होऊन 3 व 8 सारखे दिसतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास हा गोंधळ टळतो.

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि ९० मिनिटे असतात, म्हणजे प्रश्नामागे सरासरी १०८ सेकंद. नकारात्मक गुण नसल्याने शेवटच्या मिनिटांत उरलेल्या सर्व प्रश्नांवर अंदाजाने खुणा केल्या जातात, आणि येथेच निकाल दिशाभूल करतो. एक नमुना पाहू. नांदेडच्या एका विद्यार्थ्याच्या निकालात ‘व्हेक्टर’मध्ये ४ पैकी १ बरोबर, म्हणून ते प्रकरण लाल रंगात. ‘इंटिग्रेशन’मध्ये ६ पैकी ४ बरोबर, म्हणून ते ठीक. आता वेळा पाहाव्यात. व्हेक्टरच्या चार प्रश्नांना ९, ६, ११ व ७० सेकंद लागले आहेत. पहिले तीन प्रश्न बहुधा वाचलेलेच नाहीत, तेथे केवळ खुणा आहेत. इंटिग्रेशनला मात्र २१०, १८५, २४०, ९५, २६० व १५० म्हणजे एकूण ११४० सेकंद, १९ मिनिटे गेली. सरासरीने ६४८ सेकंद पुरायला हवे होते. वरची ४९२ सेकंद व्हेक्टरच्या त्या तीन प्रश्नांना सहज पुरली असती. तेव्हा लाल रंग व्हेक्टरवर असला तरी गळती इंटिग्रेशनमध्ये आहे. व्हेक्टर खरेच कच्चे आहे का, हे तेच तीन प्रश्न घड्याळाशिवाय वहीत सोडवून ठरते. ते तसेही चुकले, तर प्रकरणच पुन्हा करावे लागते.

बरोबर आलेल्या उत्तरांनाही हाच नियम लागू होतो. चार पर्यायांत डोळे झाकून केलेली खूण सरासरीने चारातून एकदा बरोबर येते, म्हणून पाच-सहा सेकंदांतले बरोबर उत्तर ‘येते’ या खात्यात धरू नये. अपवाद थेट सूत्राच्या प्रश्नांचा. ते खरोखरच पटकन सुटतात, पण पूर्ण प्रश्न वाचायलाच किती सेकंद लागतात हे पाहिले की फरक कळतो.

आधी अचूकता पाहावी की वेळ, याबाबत शिक्षकांत एकमत नाही. काही जण टक्केवारीने प्रकरणांची यादी लावून खालून सुरुवात करायला सांगतात. दुसऱ्या मतानुसार प्रथम घाईच्या खुणा वगळाव्यात आणि उरलेल्या प्रश्नांतूनच टक्केवारी काढावी. प्रत्येक प्रकरणावर तीन-चारच प्रश्न असताना एका उत्तराने टक्केवारी पंचवीस ते तेहतीस अंकांनी हलते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच कारणाने एकाच चाचणीवरून निर्णय न करता लागोपाठच्या तीन-चार चाचण्यांचे प्रकरणवार आकडे एकत्र केले जातात.

भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या संयुक्त पेपरात १०० प्रश्नांना ९० मिनिटे असल्याने सरासरी ५४ सेकंदांवर येते. मात्र रसायनशास्त्राचे पाठांतराचे प्रश्न याहून बरेच लवकर सुटतात, म्हणून तेथे दोन्ही विषयांच्या वेळा वेगळ्या काढाव्या लागतात.