सायनाइडने ऑक्सिजनचा खप थांबतो, डीएनपीने वाढतो. एटीपी मात्र दोन्हीकडे आटतो

पेशींमधून वेगळे काढलेले मायटोकॉन्ड्रिया एका छोट्या बंद काचपात्रात ठेवायचे, त्यांना पायरुवेट आणि मॅलेट हे इंधन द्यायचे आणि द्रावात बुडवलेल्या इलेक्ट्रोडने ऑक्सिजन किती वेगाने कमी होतो ते मोजत राहायचे. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग कित्येक दशके चालत आला आहे. कागदावर उमटणारी ती एक उतरती रेघ इलेक्ट्रॉन वहन साखळीबद्दल इतके काही सांगते की मला तरी ती पाठ्यपुस्तकातल्या रंगीत आकृतीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

रेघ वाचण्याआधी साखळी समजून घेऊ. इंधनातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच नावाच्या रेणूवर स्वार होऊन येतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. मधल्या प्रत्येक वाहकाला इलेक्ट्रॉनची ओढ किती आहे हे व्होल्टमध्ये मोजता येते. यालाच रेडॉक्स विभव म्हणतात. एनएडीएचच्या जोडीचे प्रमाण विभव उणे 0.32 व्होल्ट, युबिक्विनोनचे सुमारे अधिक 0.05, सायटोक्रोम सी चे 0.25 च्या आसपास आणि ऑक्सिजनचे अधिक 0.82. जितका आकडा धन, तितकी ओढ जास्त. त्यामुळे इलेक्ट्रॉन या क्रमानेच पायरी पायरीने खाली उतरतात. एनएडीएचपासून ऑक्सिजनपर्यंतचा एकूण उतार 1.14 व्होल्टचा आहे. दर एनएडीएचमागे दोन इलेक्ट्रॉन उतरतात, म्हणजे एक मोल एनएडीएचमागे सुमारे 220 किलोज्यूल ऊर्जा सुटते.

ही ऊर्जा थेट एटीपीत, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनात, जात नाही. साखळीतले वाहक मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात प्रथिनांच्या चार मोठ्या संकुलांत बसवलेले असतात. त्यांपैकी पहिले, तिसरे आणि चौथे संकुल ती वापरून प्रोटॉन त्या पटलाबाहेर ढकलतात. बाहेर प्रोटॉनची गर्दी होते, आतली बाजू ऋण होते आणि पटलाच्या दोन बाजूंमध्ये साधारण 0.18 व्होल्टचा दाब तयार होतो. प्रोटॉन पटलातल्या एटीपी सिंथेज या विकरामधून आत परततात तेव्हा एटीपी बनतो. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडलेली ही कल्पना अनेकांना पटायला बराच काळ लागला. 1978 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले.

आता रेघेकडे वळू. नुसते इंधन असताना ती संथपणे उतरते. एडीपी, म्हणजे एटीपीचा कच्चा माल, टाकला की उतार एकदम तीव्र होतो आणि सगळ्या एडीपीचा एटीपी झाला की पुन्हा मंदावतो. इंधन आहे, ऑक्सिजन आहे, साखळी धडधाकट आहे, मग ती थांबते कशाने? उत्तर साध्या हिशेबात आहे. पहिल्या संकुलात दोन इलेक्ट्रॉन सुमारे 0.37 व्होल्ट खाली येतात, म्हणजे 0.74 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. तेवढ्यात त्याला चार प्रोटॉन 0.18 व्होल्टच्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलायचे असतात, त्याचा खर्च 0.72. जमा आणि खर्च जवळजवळ सारखेच! हे आकडे प्रमाण स्थितीतले आहेत, पेशीत ते थोडे इकडेतिकडे होतात, पण मुद्दा तोच राहतो. प्रोटॉन परतले नाहीत, तर दाब इतका चढतो की इलेक्ट्रॉनना उतरणेच परवडत नाही. श्वसन आणि एटीपीनिर्मिती जोडलेली असतात ती इथे.

आता ऑलिगोमायसिन टाकू. ते एटीपी सिंथेजची वाट बंद करते, त्यामुळे आणखी एडीपी देऊनही रेघ संथच राहते. आणि मग त्यात डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, अगदी थोडे टाकले की रेघ धाडकन खाली येते. सिंथेजची वाट बंद असूनही! डीएनपी हे दुबळे आम्ल आहे आणि चरबीत विरघळते. ते बाहेरचा प्रोटॉन उचलते, पटलातून आत येऊन सोडते आणि रिकामे होऊन परत बाहेर जाते. त्याचा ऋण भार वलयभर पसरलेला असल्याने रिकाम्या रूपालाही पटल अडवत नाही. दाब ओसरतो, इलेक्ट्रॉन वाटेल तितक्या वेगाने उतरतात आणि 220 किलोज्यूलची जवळजवळ सगळी उष्णता होते. अशा रसायनांना अनकपलर म्हणतात.

शेवटी सायनाइड टाकले की रेघ आडवी होते. आता डीएनपीचा आणखी एक थेंब टाकून पाहा: काहीही फरक पडत नाही. अडथळा दाबामुळे असता तर डीएनपीने तो हटवला असता. सायनाइड साखळीच्या शेवटच्या पायरीवर, चौथ्या संकुलातल्या हीम ए3 च्या लोहाला जाऊन चिकटते. ऑक्सिजन जिथे येऊन बसतो तीच ही जागा.

अडथळा नेमका कुठे आहे ते डोळ्यांनीही दिसते. 1925 मध्ये डेव्हिड केलिन यांनी यीस्टचे द्रावण स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिले, तेव्हा त्यांना काळे पट्टे दिसले. हवेबरोबर हलवले की ते पुसट होत. सायनाइड घातल्यावर मात्र हवा देऊनही जात नसत. इलेक्ट्रॉन मिळालेला सायटोक्रोम ठरावीक रंगाचा प्रकाश शोषतो. सायटोक्रोम सी चा पट्टा 550 नॅनोमीटरजवळ असतो. सायनाइडने शेवट बंद झाला की वरचे सगळे वाहक इलेक्ट्रॉनने भरून जातात. त्याऐवजी तिसऱ्या संकुलात अडथळा आणणारे अँटिमायसिन वापरले तर सायटोक्रोम बी भरलेला राहतो, पण सी रिकामा होतो. अडथळ्याच्या अलीकडे भरलेले, पलीकडे रिकामे. वाहकांचा क्रम पक्का करायला ही पद्धत फार कामी आली, कारण नुसत्या विभवावरून तो ठरवणे धोक्याचे होते: शेजारच्या वाहकांच्या विभवांत फरक फार थोडा असतो.

माणसाच्या शरीरातही हीच दोन चित्रे दिसतात. सायनाइडच्या विषबाधेत पेशी ऑक्सिजन घेऊच शकत नाहीत, म्हणून शिरांमधले रक्तही लालभडक राहते आणि लॅक्टेट झपाट्याने वाढते. यावर उतारा आहे. सायनाइडला ऑक्सिडीकृत लोह जास्त आवडते. नायट्राइट देऊन रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचे लोह तसे करता येते, मग सायनाइड तिकडे ओढले जाते. हायड्रॉक्सोकोबालामिनमधला कोबाल्ट त्याला थेट पकडतो.

डीएनपीचे उलट. 1933 मध्ये स्टॅनफर्डमधल्या मॉरिस टेन्टर यांच्या गटाने वजन कमी करण्यासाठी ते सुचवले आणि हजारो लोकांनी घेतले. वजन उतरले, पण मोतीबिंदू आणि मृत्यूही पदरात पडले. 1938 नंतर अमेरिकेत त्याच्या विक्रीवर बंदी आली, तरी आजही ते चोरून विकले जाते आणि माणसे दगावतात. त्यात शरीर ऑक्सिजन भराभर संपवते, श्वास आणि नाडी धावते, घाम फुटतो आणि तापमान चढत जाते. पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण मेंदूने ताप चढवलेला नसतो. उष्णता प्रत्येक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात निर्माण होत असते. आणि सायनाइडसारखे त्याला कुठून सोडवायचेही नसते. ते कोणत्याच एका प्रथिनाला चिकटलेले नाही, पटलात सगळीकडे फिरते आहे. म्हणून डॉक्टरांच्या हाती शरीर बाहेरून थंड करणे आणि वाट पाहणे, एवढेच बहुतेक उरते.